तीन खऱ्या ओळी, एक चुकीचा क्रम: दहा मार्कांच्या एका प्रश्नाचं प्रकरण

इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला अल्गोरिदम विश्लेषण शिकवतो. या सेमिस्टरच्या मिड-सेम परीक्षेतला एकच प्रश्न इथे सविस्तर मांडतो आहे. त्यावर दोन विद्यार्थ्यांना सारखेच मार्क मिळाले, दोघांनाही ते पटले नाहीत, आणि दोघांची तक्रार तपासताना या विषयातली एक नेमकी अडचण उघडी पडली. प्रश्न असा होता: खालच्या तीन तुकड्यांत `c++` किती वेळा चालतं त्यावरून, n वाढत जाईल तसे हे तुकडे चढत्या क्रमाने लावा. दोन तुकडे एकाच दराने वाढत असतील तर तसं लिहा. कारण द्या.

तुकडा अ:

```c
for (i = 1; i <= n; i++)
    for (j = 1; j <= n; j += i)
        c++;
```

तुकडा ब:

```c
for (i = 1; i <= n; i *= 2)
    for (j = 1; j <= i; j++)
        c++;
```

तुकडा क:

```c
for (i = 1; i <= n; i++)
    for (j = 1; j <= n; j *= 2)
        c++;
```

दहापैकी क्रमाला फक्त एक मार्क होता. उरलेले नऊ कारणाचे, प्रत्येक तुकड्याला तीन. बाहेरच्या लूपच्या एका फेरीत आतला लूप किती वेळा चालतो ते i च्या भाषेत लिहिलं की पहिला मार्क. सगळ्या फेऱ्यांची बेरीज मांडली की दुसरा. आणि ती बेरीज वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी बांधली की तिसरा. ही वाटणी प्रश्नपत्रिकेवरच छापलेली होती. तिसऱ्या मार्काचं महत्त्व मात्र तपासलेला पेपर हातात पडेपर्यंत फार थोड्यांच्या लक्षात आलं.

पहिला विद्यार्थी घरी मराठी बोलणारा, रामबागेत राहणारा. त्याने लिहिलं ते थोडक्यात असं. अ मध्ये बाहेरचा लूप n वेळा आणि आतला जास्तीत जास्त n वेळा, म्हणून O(n²). ब मध्ये बाहेरचा लूप log n वेळा, आतला i वेळा, आणि i जास्तीत जास्त n, म्हणून O(n log n). क मध्ये बाहेरचा n वेळा, आतला दर वेळी log n, म्हणून O(n log n). क्रम: ब आणि क सारखे, अ सर्वांत मोठा.

बरोबर क्रम असा आहे: ब सर्वांत लहान, Θ(n), म्हणजे वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी n च्याच दराने बांधलेला. त्यानंतर अ आणि क, दोन्ही Θ(n log n). त्याने सारख्या ठरवलेल्या जोडीतला ब खरं तर वेगळा, आणि वेगळा काढलेला अ क च्या बरोबरीचा.

त्याला दहापैकी चार मिळाले: क चे पूर्ण तीन, कारण तिथलं "दर वेळी log n" ही नुसती वरची मर्यादा नाही, आणि ब मध्ये "i वेळा" लिहिल्याचा एक, बाकी शून्य. पेपर घेऊन तो आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, यातली माझी कोणती ओळ खोटी आहे ते तेवढं दाखवा."

प्रश्न रास्त होता, आणि मी तो टाळला नाही. त्याची एकही ओळ खोटी नव्हती. अ खरोखरच O(n²) आहे. ब खरोखरच O(n log n) आहे. O चा अर्थच "याहून जास्त वेगाने वाढत नाही" असा आहे, त्यामुळे जे n च्या दराने वाढतं ते n log n च्याही मर्यादेत बसतं, n² च्याही आणि n³ च्याही. तिन्ही विधानं खरी, आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष खोटा. म्हणजे चूक ओळींमध्ये नव्हती. ती शेवटच्या ओळीवर येताना त्याने घेतलेल्या उडीत होती: वरच्या मर्यादा शेजारी ठेवून त्याने मूळ राशींची तुलना केली.

मी त्याला म्हटलं, "असं बघ. विजयनगरहून राजवाड्याला पोहोचायला दोन तासांपेक्षा जास्त लागत नाहीत. तुझ्या रामबागेतून राजवाड्याला पोहोचायला तीन तासांपेक्षा जास्त लागत नाहीत. दोन्ही खरं आहे ना?"

"हो सर."

"मग रामबाग जास्त लांब आहे का?"

रामबागेतून राजवाडा पायी गाठता येतो. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे मी तीन तास म्हणालो ते खोटं नाही, पण कामाचं नाही."

तुलनेसाठी कामाचं नाही, हे त्यात जोडायला हवं. एखादा प्रोग्रॅम ठरलेल्या वेळेत संपेल की नाही एवढंच बघायचं असेल, तर वरची मर्यादा पुरते. दोन तुकड्यांत कोण हळू वाढतो हे म्हणायचं असेल, तर एकाची वरची मर्यादा आणि दुसऱ्याची खालची मर्यादा, अशी जोडी लागते. ब जास्तीत जास्त 2n आहे आणि क कमीत कमी n log₂ n आहे, हे कळलं तरच ब मागे राहतो असं म्हणता येतं. डोनाल्ड नुथ यांनी 1976 साली Θ हे चिन्ह दोन्ही बाजूंच्या मर्यादेसाठी सुचवलं ते याच गरजेतून. O हे चिन्ह लोक बरेचदा खालच्या मर्यादेसाठीही वापरत, त्याला त्यांचा आक्षेप होता. आमच्या वर्गातही तोंडी बोलताना सगळे O च म्हणतात आणि मनात Θ धरतात. बोलण्यात ते चालून जातं. कारणाचे मार्क असलेल्या पेपरात ते चालू देऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण इथे घसरलं की थेट उत्तरच चुकतं.

आता हे तुकडे मी फळ्यावर कसे सोडवले ते सांगतो. n = 16 घेतलं. एवढ्या लहान संख्येवर सगळं हाताने मोजता येतं.

ब मध्ये i ची किंमत 1, 2, 4, 8, 16 अशी होते आणि आतला लूप तितक्याच वेळा चालतो. बेरीज 31. क मध्ये i च्या प्रत्येक किंमतीला j ही 1, 2, 4, 8, 16 अशी पाच वेळा, म्हणून 16 गुणिले 5, म्हणजे 80. विद्यार्थ्याने दोन्हींना सारखं धरलं ते "बाहेर log, आत n" आणि "बाहेर n, आत log" यांचा गुणाकार सारखाच दिसतो म्हणून. पण गुणाकार तेव्हाच करावा, जेव्हा आतला आकडा प्रत्येक फेरीत तोच राहतो. क मध्ये तो तोच राहतो. ब मध्ये तो दर फेरीला दुप्पट होतो, आणि पाचांपैकी एकाच फेरीत 16 ला पोहोचतो. उरलेल्या चार फेऱ्यांची बेरीज 15, म्हणजे शेवटच्या एकट्या फेरीपेक्षाही एकाने कमी.

ब च्या मर्यादा याच निरीक्षणातून येतात. शेवटच्या फेरीतला i हा n पेक्षा मोठा नसतो, पण n/2 पेक्षा मोठा असतोच, नाहीतर अजून एक फेरी झाली असती. आधीच्या सगळ्या फेऱ्या मिळून त्या i पेक्षा कमी. म्हणून एकूण संख्या n/2 पेक्षा जास्त आणि 2n पेक्षा कमी. दोन्ही बाजू बांधल्या गेल्या, Θ(n). कारणाचे तीन मार्क इतक्याच मजकुरात मिळतात. पानभर लिहायची गरज नाही.

अ जास्त रंजक आहे, आणि वर्गातल्या बहुतेकांची गाडी तिथेच अडली. i = 1 असताना आतला लूप 16 वेळा चालतो, i = 2 असताना 8 वेळा, i = 3 असताना 6 वेळा (j = 1, 4, 7, 10, 13, 16), आणि असंच n/i, पूर्णांक नसेल तर वरच्या पूर्णांकाला नेलेलं. "आतला लूप जास्तीत जास्त n" हे फक्त पहिल्या फेरीला लागू आहे. पुढे i वाढत जातो तशी पावलं लांब पडतात.

या फेऱ्यांचे मी गट पाडले, प्रत्येक गट आधीच्या दुप्पट लांब. पहिला गट i = 1: बेरीज 16. दुसरा i = 2, 3: 8 आणि 6, बेरीज 14. तिसरा i = 4 ते 7: 4, 4, 3, 3, बेरीज 14. चौथा i = 8 ते 15: आठ वेळा 2, बेरीज 16. शेवटी i = 16 ची एकटी फेरी, 1. एकूण 61.

हे आकडे फळ्यावर एकाखाली एक आले तेव्हा वर्गात कुजबुज झाली, कारण प्रत्येक पूर्ण गटाची बेरीज जवळजवळ तेवढीच, n च्या आसपास. गटात फेऱ्या दुप्पट होतात, तर प्रत्येक फेरीतलं काम साधारण निम्मं होतं. गट किती? n ला जितक्या वेळा दोनाने भागता येईल तितके, म्हणजे log₂ n च्या आसपास. म्हणून एकूण n log n.

मर्यादा काटेकोर लिहायच्या तर त्याच गटांचा उपयोग होतो. i = 2ᵏ पासून 2ᵏ⁺¹ च्या आधीपर्यंत 2ᵏ फेऱ्या, आणि प्रत्येकीत n/i हा n/2ᵏ पेक्षा जास्त नाही, म्हणून गटाची बेरीज n पेक्षा जास्त नाही. वरच्या पूर्णांकाला नेल्यामुळे प्रत्येक फेरीत एकाहून कमी भर पडते, म्हणजे सगळी मिळून n पेक्षा कमी. तेव्हा एकूण n(log₂ n + 2) च्या आत. खालून बांधताना गट जरा सरकवून घ्यायचा, i हा 2ᵏ च्या पुढचा ते 2ᵏ⁺¹ पर्यंत. तिथेही 2ᵏ फेऱ्या, आणि प्रत्येकीत कमीत कमी n/2ᵏ⁺¹, म्हणून गटाची बेरीज कमीत कमी n/2. 1 + 1/2 + 1/3 + … ही बेरीज अमर्याद वाढते हे दाखवायला चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेमने असेच गट पाडले होते. मुलांना सूत्र पाठ नसेल तरी हे गट जागेवर पाडता येतात, म्हणून मी इंटिग्रलच्या पद्धतीपेक्षा हीच आधी शिकवतो.

आता दुसऱ्या पेपराकडे. ती विद्यार्थिनी पहिल्याच्याच बेंचवर बसणारी. तिचा क्रम पूर्ण बरोबर होता: आधी ब, मग अ आणि क बरोबरीने. तिलाही चारच मार्क होते: क्रमाचा एक, क चे तीन. ब पुढे तिने "GP, म्हणून n" एवढंच लिहिलं होतं, अ पुढे "harmonic, म्हणून n log n". तिची नाराजी जास्त होती, आणि मला ती समजत होती. चुकीच्या उत्तराला चार आणि बरोबर उत्तरालाही चार, हे वरवर अन्यायाचंच दिसतं.

मी तिला खुर्ची दिली आणि ब ची GP कागदावर मांडायला सांगितली. तिने पहिलं पद 1, गुणोत्तर 2 लिहिलं, पुढे बेरजेचं सूत्र लिहिलं आणि पदांच्या संख्येच्या जागी n टाकला. उत्तर आलं 2ⁿ − 1. ती थांबली. "सर, हे तर n यायला पाहिजे."

"यायला पाहिजे हे तुला कुठून माहीत?"

"सोडवलेल्या प्रश्नांत बघितलं होतं."

पदं n नाहीत, ती ⌊log₂ n⌋ + 1 आहेत. शेवटचं पद n च्या जवळ असणं आणि पदांची संख्या n असणं, या दोहोंत तिचा गोंधळ झाला होता. नुसता "GP" शब्द वाचून हे मला कधीच कळलं नसतं. दुसरा मार्क बेरीज मांडण्याला का आहे, याचं उत्तर याच जागेत आहे. i च्या किंमती, पदांची संख्या आणि प्रत्येक पद कागदावर आलं की असला गोंधळ लपत नाही. पदांची संख्या तिने स्वतःच दुरुस्त केली, आणि 31 हे उत्तर n = 16 ला जुळतंय हेही स्वतःच तपासलं. अ च्या बाबतीत मात्र तिचा विचार पक्का निघाला. n चा गुणक कुठून येतो तेही तिने न अडखळता सांगितलं. ते लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते.

दोघांचेही मार्क मी बदलले नाहीत. पहिल्याच्या हातात खरी पण सैल विधानं होती, दुसरीच्या हातात बरोबर पण आधार नसलेलं उत्तर. क्रमाला चार-पाच मार्क ठेवले असते, तर तिचा 2ⁿ चा गोंधळ तसाच पुढच्या सेमिस्टरला गेला असता.

यानंतर वर्गातल्या आणखी एकाने शंका काढली, आणि ती नोंदवण्याजोगी आहे. त्याने घरी लॅपटॉपवर तिन्ही तुकडे चालवले होते आणि त्याचं म्हणणं होतं की अ आणि क सारखे नाहीत, क ला जास्त वेळ लागतो. आम्ही वेळेऐवजी थेट c ची किंमत छापली. n = 10,00,000 ला ब साठी 10,48,575, अ साठी सुमारे 1.5 कोटी, क साठी बरोबर 2 कोटी. म्हणजे त्याचं निरीक्षण खरं होतं: अ हा क च्या तीन चतुर्थांश भरतो. पण n = 16 लाही तो 61 भागिले 80 होता, म्हणजे तीन चतुर्थांशच. n हजारोंपट वाढला आणि गुणोत्तर जागचं हललं नाही. n आणखी वाढवला तर हे गुणोत्तर 0.69 कडे सरकतं, कारण अ मध्ये नैसर्गिक लॉग येतो आणि क मध्ये पाया 2 चा. पाया बदलल्याने फक्त स्थिर गुणक बदलतो. अ आणि ब चं गुणोत्तर मात्र 16 ला सुमारे 2, 1024 ला सुमारे 4 आणि दहा लाखांना 14 च्या वर गेलं. दोन तुकडे एका दराने वाढतात की नाही हे आकड्यांवरून ताडायचं असेल, तर एका n वर कोण पुढे आहे ते पाहू नये. n वाढवत जावं आणि गुणोत्तर कुठे जातं ते पाहावं. हे सिद्ध करण्याच्या जागी चालणार नाही, पण हाताने काढलेल्या बेरजेत काही गडबड असेल तर ती लगेच दिसते.

वेळ मोजण्यातला एक धोकाही तिथेच सापडला. त्याने पहिल्यांदा `-O2` हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावून कंपाइल केलं होतं आणि शेवटी c छापला नव्हता, त्यामुळे ब ला जवळजवळ शून्य वेळ लागला. c चा पुढे उपयोग नाही हे दिसल्यावर कंपायलर लूपच काढून टाकू शकतो. c छापला तरी ब चा आतला लूप काढून त्याजागी i ची एकच बेरीज ठेवणं त्याला जमतं. तेव्हा घड्याळ जे मोजतं तो आपण लिहिलेला तुकडा राहतच नाही. मोजणी शिकण्यापुरतं c ची किंमत छापणंच भरवशाचं. फक्त n फार मोठा घेऊ नये: i दुपटीने वाढत असताना 32 बिटांच्या `int` मध्ये 2³⁰ नंतरची दुप्पट मावत नाही.

पुढच्या आठवड्यात त्या दोघांना मी एक चौथा तुकडा दिला, पूर्ण कारणासह:

```c
for (i = n; i >= 1; i /= 2)
    for (j = 1; j <= n; j += i)
        c++;
```

आतला लूप हुबेहूब अ चा. आधीच्या सवयीने कुणीही पटकन n log n म्हणेल. पहिल्या विद्यार्थ्याने या वेळी गुणाकार केला नाही. n = 16 ला 1 + 2 + 4 + 8 + 16 असं लिहून 31 काढले, ब सारखेच, आणि Θ(n) म्हटलं. त्याच्या शेजारी बसून ती त्याचा कागद वाचत होती. "आणि n हा 2 चा घात नसेल तर?" तिने विचारलं. भागाकारात अपूर्णांक गळतो, मग i नेमका n/2ᵏ राहत नाही. थोडा वेळ दोघांनी कागदावर झटापट केली आणि मग त्याने लिहिलं: k व्या भागाकारानंतर i हा n/2ᵏ⁺¹ पेक्षा मोठाच असतो, म्हणून त्या फेरीत आतला लूप 2ᵏ⁺¹ पेक्षा जास्त वेळा चालत नाही, आणि सगळं मिळून 4n च्या आत राहतं. खालची बाजू तिने पुरी केली: शेवटी i = 1 होतोच, आणि ती एकटी फेरी n ची असते.